छायाचित्रातील रुपया

मुलांनो, एटापल्लीच्या परिसरात माडिया स्त्रियांच्या गळ्यात नाण्यांच्या माळा पुष्कळदा दिसतात. त्यांतील मोठी, पांढरी नाणी बहुधा जुने चांदीचे रुपये असतात. सन १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया चालू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते. ‘रुपयाभार’ हे आपल्याकडचे जुने माप याच रुपयावरून रूढ झाले. त्यापूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात जो रुपया चाले, त्यावर फारसी अक्षरे असत. कोणाचाही चेहरा नसे. म्हणून जुन्या रुपयावर चेहरा दिसला की तो १८३५ नंतरचा, एवढे पहिल्या दृष्टिक्षेपातच ठरते.

चेहरा कोणाचा, हे अक्षरे पुसली गेली तरी ओळखता येते. सन १८४० च्या रुपयावर व्हिक्टोरिया राणी तरुण आहे, केस मागे बांधलेले आहेत आणि मस्तकावर मुकुट नाही. सन १८६२ पासून तीच राणी मुकुट घालून, वेलबुट्टीच्या भरजरी पोशाखात दिसते. दोन्ही चित्रांत तिचे तोंड पाहणाऱ्याच्या डावीकडे आहे. तिचा मुलगा सातवा एडवर्ड मात्र उजवीकडे पाहतो. त्याला दाढी आहे, पण रुपयावर तो बोडक्या डोक्याने आहे. पाचव्या जॉर्जलाही दाढी आहे. तो मुकुट घालून पुन्हा डावीकडे पाहतो. सहाव्या जॉर्जला मुकुट आहे, दाढी नाही. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एक लहानसा हत्ती कोरलेला आहे. १९११ च्या पहिल्या रुपयांवर त्याची सोंड व पाय इतके आखूड उमटले, की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी हत्ती सुधारून घ्यावा लागला!

आता सालाविषयी सांगतो, कारण बहुतेक लोक येथेच फसतात. नाण्यावर १८६२ हे साल वाचले की ते त्याच वर्षी पाडले, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. टांकसाळीत पुढील दहाबारा वर्षे रुपयांवर १८६२ हेच साल घातले जात असे. ते कोणत्या वर्षाचे हे कळावे म्हणून फक्त बारीक ठिपक्यांची खूण करीत. १८४० च्या रुपयाचेही तसेच. त्या सालाचे नाणे १८६२ पर्यंत पाडले जात होते. खरे साल दर वर्षी घालण्याची रीत १८७४ पासून पडली.

अशाच एका माळेविषयी एका मुलाने मला छायाचित्रे पाठविली. सोबत लिहिले होते : “गुरुजी, आजी म्हणते हे रुपये चांदीचे आहेत. फेरीवाला म्हणतो, गिलटाचे आहेत, म्हणून फार थोडे पैसे देतो. कोणाचे खरे?” घरात पैशाची निकड होती, तेव्हा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता.

त्यातला पहिला रुपया आपण मिळून पाहू. मुकुटधारी राणी डावीकडे पाहते आहे; म्हणजे नाणे १८६२ किंवा त्यानंतरचे. तिच्या समोर ‘व्हिक्टोरिया’ हे नाव अर्धे झिजले आहे. मागचा शब्द जवळजवळ गेला आहे; पण त्याची शेवटची दोन अक्षरे एकसारखी दिसतात. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर तेथे ‘क्वीन’ म्हणजे राणी असे होते, तर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी असे आले. इंग्रजीत एकसारखी दोन अक्षरे ‘एम्प्रेस’च्याच शेवटी येतात. म्हणून नाणे १८७७ ते १९०१ या काळातले ठरले. मागील बाजूस साल आहे : एक, आठ, मग एक पुसट आकडा आणि शेवटी शून्य. पुसट आकडा तीन, आठ की नऊ, हे कळेना. तीन असता १८३० झाले असते. ते राणीच्या चित्राशी जुळत नाही. राहिले १८८० आणि १८९०.

मी मुलाला कळविले, की नाणे खिडकीपाशी आडवे ठेव, सकाळचा उजेड बाजूने तिरपा पडू दे आणि मग छायाचित्र घे. तिरप्या उजेडात उंचवट्यांची सावली पडते आणि झिजलेली रेघही उठून दिसते. समोरून झगझगीत दिवा मारला की चांदी नुसती चकाकते, रेषा नाहीशा होतात. पिवळ्या दिव्याखाली तर चांदीचे सोनेच होते! नव्या छायाचित्रात त्या आकड्याचा खालचा वाटोळा भाग डाव्या बाजूनेही बंद दिसला. नवाचा आकडा तेथे उघडा असतो. तेव्हा साल १८८०.

आता धातू आणि झीज. या रुपयाच्या खोलगट भागांत, अक्षरांच्या कडेने, काळसर थर होता. उंच भाग पांढरे होते. चांदी हवेत अशीच काळवंडते आणि जेथे घासली जाते तेथे उजळते. काही जण चिंच लावून नाणे लख्ख करतात. मग हा पुरावा आपल्याच हातांनी धुऊन जातो. राणीच्या कानावरचे केस आणि खांद्यावरची वेलबुट्टी सपाट झाली होती, कारण ते भाग सर्वांत उंच. हातोहात फिरलेले नाणे दोन्ही बाजूंनी साधारण सारखे झिजते. येथे सालाची बाजू कितीतरी अधिक झिजली होती. ती बाजू अनेक वर्षे अंगाला आणि लुगड्याला घासत राहिली असणार. वरच्या कडेला डाग देऊन कडी बसविली होती. खोट्या, ओतीव नाण्यावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर असतात आणि काठावर कधी सांध्याची रेघ दिसते. या नाण्याच्या काठावर उभ्या खाचा एकसारख्या होत्या.

तरीही छायाचित्रावरून धातू नक्की ठरत नाही. मुलाने माळ सोनाराकडे नेऊन एकेक रुपया तोलला. पहिला ११.९ ग्रॅम भरला, तोळ्याहून अधिक! झिजलेले नाणे जड कसे झाले? वजन कडीसह होते. तसलीच एक सुटी कडी तोलली, ती अर्ध्या ग्रॅमहून थोडी अधिक भरली. म्हणजे रुपया सुमारे ११.३ ग्रॅमचा उरला. इतक्या झिजेला तेवढी तूट साजते. चित्र, काठ, काळसर थर आणि वजन ही चारही एकाच बाजूला साक्ष देत होती.

माळेतले इतर रुपयेही असेच निघाले. फक्त एकाच्या मागील बाजूस वाघ होता आणि साल १९४७. सहाव्या जॉर्जच्या काळात, १९४० पासून, रुपयातील चांदी निम्म्यावर आणली होती. १९४७ च्या रुपयात तर चांदी मुळीच नाही, तो निकेलचा आहे. मुलाने लोहचुंबक जवळ नेताच वाघाचा रुपया टपकन चिकटला. बाकीचा एकही हलला नाही. फेरीवाल्याने गिलट म्हटले होते ते या एका नाण्यापुरते चालले असते.