पार्थचे गेलेले 21 गुण

चि. महेश आणि चि. सौ. वैशाली यांस,


परवा फोनवर महेशने विचारलं, जूनपासून शिकवणी चालू असून बीजगणितात 40 पैकी 19 कसे? उत्तरपत्रिका डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी काही बोलणार नव्हते. काल पार्थने ती आणून दिली. भूमितीतले 27 आहेत, त्याबद्दल मला विशेष सांगायचं नाही. त्याच्या आकृत्या नीट असतात, प्रत्येक विधानापुढे कारण लिहायची सवय त्याला लागली आहे, आणि तीच पुढे दहावीला कामाला येते. हे पत्र बीजगणितातल्या गेलेल्या 21 गुणांबद्दल आहे.

मी ते गुण मोजले नाहीत, निवडले. प्रत्येक कापलेल्या गुणाशेजारी तो का गेला ते पेन्सिलीने लिहीत गेले. 4 गुण वेळ न पुरल्याने गेले. शेवटचं उदाहरण त्याने सोडवायला घेतलंच नव्हतं. 6 गुण शाब्दिक उदाहरणांत गेले. उरलेले 11 गुण एकाच चुकीने खाल्ले आहेत, फक्त ती वेगवेगळ्या उदाहरणांत वेगवेगळी दिसते. जूनमध्ये तो 3/4 आणि 2/5 ची बेरीज 5/9 करत होता, म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवत होता. या पेपरात अपूर्णांकांमुळे एकही गुण गेलेला नाही. सत्राचा मोठा भाग आम्ही तिथेच घालवला होता. तो खर्च 19 या आकड्यात दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आता ती 11 गुणांची चूक. बहुपदींच्या वजाबाकीचं हे उदाहरण बघा:

(5x² − 3x + 7) − (2x² − 4x + 3)

पार्थचं उत्तर आहे 3x² − 7x + 10. बरोबर उत्तर 3x² + x + 4. त्याने दुसऱ्या कंसातलं पहिलं पद तेवढं वजा केलं आणि पुढची दोन पदं होती त्याच चिन्हांनी उतरवली. महेश, तू याला निष्काळजीपणा म्हणशील. मी म्हणणार नाही, कारण निष्काळजी मुलगा कधी चुकतो, कधी चुकत नाही. पार्थ दर वेळी हेच आणि असंच करतो. त्याच्या डोक्यात कंसाबाहेरचा वजा फक्त लगतच्या पदाचा असतो.

खात्री करायला मी त्याला 10 − (3 − 1) विचारलं. त्याने आधी कंस सोडवला आणि लगेच 8 म्हणाला. मग म्हटलं, हेच कंस काढून लिही. त्याने 10 − 3 − 1 लिहिलं, उत्तर 6 आलं, आणि तो स्वतःच थबकला. दहा रुपयांतून तीन दिले आणि दुकानदाराने एक परत केला, तर तो एक रुपया आपल्याकडे मिळवायचा की आणखी घालवायचा, एवढंच विचारल्यावर त्याला शेवटचं चिन्ह का बदलतं ते कळलं. अक्षरं आली की मात्र आकड्यांतली ही समज तो अजून सोबत नेत नाही. कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं हा नियम त्याला पाठ आहे. विचारलात तर घडाघडा म्हणून दाखवेल. पाठ असूनही तो का चुकतो, एवढाच आमच्यापुढे प्रश्न आहे.

त्यावर गेल्या आठवड्यापासून एक उपाय सुरू केला आहे. सरळरूप दिलं की शेवटी x च्या जागी 2 घालून मूळ राशी आणि उत्तर दोन्हींची किंमत काढायची. वरच्या उदाहरणात पहिला कंस 21 येतो, दुसरा 3, म्हणजे वजाबाकी 18. बरोबर उत्तरातही 2 घातला की 18 येतात; त्याच्या उत्तरात 8 येतात. चूक आहे हे माझ्याआधी त्याला कळतं. मुलं सोपा म्हणून 1 घालतात. तो चालत नाही, कारण 1 चा वर्गही 1 आणि घनही 1, म्हणजे घातांकातली चूक लपून राहते. पहिले तीन दिवस त्याने कुरकुर केली, दुप्पट काम म्हणून. आता करतो, पण मी समोर असले तर.

शाब्दिक उदाहरणांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात थोडी करमणूकही झाली. मी त्याला घातलेलं उदाहरण असं: आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, 12 वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल, तर मुलीचं आजचं वय किती? पार्थने मुलीचं वय x धरलं, आईचं 3x, आणि समीकरण मांडलं 3x + 12 = 2x. ते अगदी बिनचूक सोडवलं आणि खाली रेघ मारून लिहिलं, मुलीचं वय −12 वर्षे. मुलगी जन्माला यायला अजून बारा वर्षं आहेत, याचं त्याला काहीच वाटलं नाही. आईला बारा वर्षं मोठं केलं, मुलीला तिथेच ठेवलं.

इथे समीकरण सोडवणं शिकवून काही होणार नाही, ते त्याला येतं. मांडणीआधी दोन ओळींचा तक्ता करायचा: एका ओळीत आई, दुसरीत मुलगी; एका रकान्यात आज, दुसऱ्यात 12 वर्षांनंतर. चारही घरं भरल्याशिवाय बरोबरचं चिन्ह लिहायचं नाही. चौथं घर भरताना x + 12 आपोआप येतं, समीकरण 3x + 12 = 2(x + 12) होतं आणि मुलगी 12 वर्षांची निघते, आई 36 ची. पार्थला ही घरं भरायला मजा येते. हे 6 गुण वार्षिक परीक्षेपर्यंत बरेचसे परत येतील असा माझा अंदाज आहे. चिन्हांचे 11 गुण जास्त चिवट आहेत.

म्हणूनच पार्थला सुट्टीत सुरू होणाऱ्या दहावीच्या बॅचला घालायचं तुमच्या मनात आहे, त्याबद्दल माझं मत स्पष्ट लिहिते: आत्ता घालू नका. पैशांचा विचार बाजूला ठेवला तरी नको. नववीच्या याच सत्रात दोन चलांतील रेषीय समीकरणं आहेत आणि दहावीच्या बीजगणिताचं पहिलं प्रकरणही तेच आहे. 4x − 3y = 6 मधून 4x − 5y = 2 वजा करताना उणे तीन y मधून उणे पाच y जायचे असतात, 2y उरतात आणि y ची किंमत 2 येते. पार्थ तिथे −8y लिहिणार. त्यापुढचं प्रकरण वर्गसमीकरणांचं. 2x² − 3x − 5 = 0 या समीकरणात b² − 4ac ची किंमत 49 येते; शेवटच्या पदाचं उणे चिन्ह निसटलं की तीच −31 होते आणि मुलगा या समीकरणाला वास्तव मुळं नाहीत असं लिहून मोकळा होतो. सत्तर मुलांच्या वर्गात फळ्यावर हे भराभर पुढे जाईल, त्याच्या वहीत सगळं उतरलेलं असेल आणि चूक जशीच्या तशी राहील. तिथले शिक्षक वाईट असतात असं नव्हे, त्यांना पार्थची वही बघायला सवड नसते, इतकंच.

त्याऐवजी जानेवारीच्या घटक चाचणीपर्यंत मी पाठ्यपुस्तकात शाळेच्या पुढे जाणार नाही. आठवीतली बैजिक राशींचे अवयव आणि एकचल समीकरणे ही दोन प्रकरणं पुन्हा करणार आहे. पार्थला ते कमीपणाचं वाटेल. त्याला सांगू नका की मागचं राहिलंय म्हणून करतोस. मी त्याला पुढच्या अवयवांसाठी लागतं म्हणून देणार आहे, आणि ते खरंही आहे.

वैशाली, तुझ्याकडे एक काम आहे आणि त्याला गणित यायची गरज नाही. रोज तो जी पाच उदाहरणं सोडवेल, त्या प्रत्येकाखाली पडताळ्याची ओळ आहे का, एवढंच बघायचं. उत्तर बरोबर की चूक ते बघू नकोस, चुकलं म्हणून बोलूही नकोस. पाचही उदाहरणं पहिल्या फटक्यात बरोबर आणि वहीत एकही खाडाखोड नाही असं सलग दिसायला लागलं, तर गाईड कुठे आहे ते मात्र बघ. गेल्या महिन्यात एका गृहपाठात मी कधीच न शिकवलेल्या रीतीने उत्तरं आली होती, अगदी छापील वळणाची.

आणखी एक. पुस्तकातून उतरवताना त्याची चिन्हं चुकत नाहीत, माझ्या फळ्यावरून उतरवताना कधीकधी वजाचं चिन्ह गळतं. सुट्टीत एकदा त्याचे डोळे तपासून घ्या. नंबर नसेलही, पण तपासणं अर्ध्या तासाचं काम आहे.

महेश, तू 90 च्या वरचे गुण आणि पुढे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा याबद्दल बोललास. वार्षिक परीक्षेत बीजगणितात 26 ते 28 आणि भूमितीत 30 च्या आसपास, इतकं मला आज दिसतंय, आणि तेवढंच मी कबूल करते. दहावीला दोन पेपर 40-40 चे आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, त्या हिशेबात हा मुलगा चांगल्या जागी पोचू शकतो. अकरावीला कुठली शाखा, हे पुढच्या दिवाळीत ठरवू. जानेवारीच्या चाचणीत गेलेल्या गुणांपैकी निम्म्याहून जास्त पुन्हा चिन्हांचेच असले, तर माझी रीत त्याला लागू पडत नाही असं समजेन. तेव्हा दुसऱ्या कुणाला एक-दोनदा त्याच्यासोबत बसवून बघू. माझ्या ओळखीत असे एक सर आहेत.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी नेहमीच्या वेळेला त्याला पाठवा. आठवीचं गणिताचं पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर सोबत द्या. आणि चौकटीची वही नको, एकेरी रेघांची घ्या. चौकटीत तो दोन पदं इतकी चिकटवून लिहितो की मधलं चिन्ह त्याचं त्यालाच दिसत नाही.

तुमच्या
बाई