घरी लिहिलेले अवघड पत्र : एक पाठ

वसतिगृहातून घरी जाणाऱ्या पत्रांत बहुधा दोनच गोष्टी असतात : ‘मी येथे खुशाल आहे’ आणि ‘वह्यांसाठी पैसे पाठवावेत’. या दोहोंच्या मध्ये विद्यार्थी जे गिळून टाकतो, ते त्याने लिहावे कसे आणि पालकांनी वाचावे कसे, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी इयत्ता आठवीतील मुलाचे एक पत्र नमुन्यादाखल रचून पुढे देत आहे.

ती. आई व बाबा यांस,
सविनय जय भीम.

पत्र वाचून घाबरू नये. अभ्यास ठीक चालला आहे. परंतु एक गोष्ट दोन महिने मनात ठेवली होती, ती आज लिहितो. आरोग्य तपासणीच्या दिवशी माझे वजन सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले गेले. तेव्हापासून मुले मला ‘क्विंटल’ म्हणतात. जेवणाच्या रांगेत ताट पुढे केले की मागून कोणीतरी म्हणते, ‘गोदाम उघडले.’ हौदावर हसतात, म्हणून मी पहाटे अंधारातच अंघोळ उरकतो. कबड्डीत मला कोणी घेत नाही.

मी प्रथम त्यांच्याबरोबर हसून पाहिले, मग रागावून पाहिले. गेले आठ दिवस रात्रीचे जेवण सोडले आहे. काल परिपाठाला उभा असताना चक्कर आली.

सुट्टीत मामा मला ‘भोपळ्या’ म्हणतात आणि आपण सर्व हसता. त्यात प्रेम असते हे मला कळते; पण आता ते नाव ऐकले की येथलेच हसू ऐकू येते. घरात तरी ते बंद व्हावे.

‘कमी खा’ किंवा ‘लक्ष देऊ नकोस’ असे कृपया सांगू नये. दोन्ही करून झाले. बाबांनी अधीक्षक सरांशी एकांतात बोलावे. मुलांची नावे सर्वांसमोर घेतली तर त्रास वाढेल. आणि मला परत नेऊ नये. मला येथेच शिकायचे आहे.

आपला मुलगा

हे पत्र ‘मला येथे करमत नाही’ एवढ्यावर थांबले असते, तर पालकांनी ती घरची ओढ समजून सोडून दिली असती. येथे प्रसंग, जागा आणि शब्द नेमके आले आहेत. मागणीही पालकांना करता येईल अशीच आहे. मामांविषयीचे वाक्य लिहिणे सर्वांत कठीण होते, कारण त्यात दोष घरावरही येतो.

तथापि वाचकाने थबकावे ते जेवण सोडल्याच्या वाक्यापाशी. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर झपाट्याने वाढत असते. पुष्कळ मुलांचे वजन आधी वाढते आणि उंची मागून येते. म्हणून मुलाचे वजन केवळ काट्यावरून किंवा मोठ्या माणसांच्या मापाने ठरवत नाहीत. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे एकत्र पाहून डॉक्टर ठरवतात. वजन खरोखर जास्त असले, तरी वाढत्या वयात पुष्कळदा ते आहे तेथेच राखून उंची वाढू देणे पुरेसे असते. उपाशी राहिल्याने चक्कर येते, अभ्यासातून लक्ष उडते आणि मग भूक अनावर होऊन एकदम जास्त खाल्ले जाते. उपास चालूच राहिला, मूल मुद्दाम ओकू लागले किंवा ‘जगावेसे वाटत नाही’ असे बोलले, तर पत्रोत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

उत्तरात पालकांनी पहिले वाक्य असे लिहावे : ‘तू लिहिलेस ते बरे केलेस, आम्ही तुझ्या बाजूचे आहोत.’ दुसरे : ‘घरात ते नाव आजपासून बंद.’ तिसरे : ‘आज रात्री पोटभर जेव.’ रोजगार बुडवून येणे शक्य नसेल, तर अधीक्षकांना दूरध्वनी करावा आणि तीन गोष्टी मागाव्यात : वजन आडोशाला घ्यावे, जेवताना त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवावे आणि चिडवणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलावे. सर्वांसमोर माफी मागायला लावली, तर तेच चिडवणे लपून सुरू होते.

पंधरा दिवसांनी ‘अजून चिडवतात का?’ असे विचारू नये; उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्याऐवजी विचारावे : ‘अंघोळीला किती वाजता जातोस? रात्री तुझ्या शेजारी कोण जेवायला बसते? कबड्डीत कोणत्या जागी खेळतोस?’ मुलगा अजून अंधारातच अंघोळ करीत असेल, तर काम संपलेले नाही.