गाळा गल्लीतून वाचता आला पाहिजे

तू पाठवलेलं स्टॉलचं चित्र नीट पाहिलं. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात कोल्हारची कडबाकुट्टी मांडायची ठरवलीस, चांगलं केलंस. फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी मात्र हे वाच. देवीच्या यात्रेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून कृषी प्रदर्शनांतले गाळे उभारण्यापर्यंत जे हाताखालून गेलं, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढंच सांगतो.

चित्र काढणारा गाळ्याच्या बरोबर समोर, सात-आठ मीटर मागे उभा राहिला आहे. तिथून पाहिलं की वरची नावाची पट्टी, मागच्या भिंतीवरचा यंत्राचा मोठा फोटो, डाव्या कोपऱ्यातला स्टँडी, समोरचं टेबल, सगळं छान दिसतं. पण मंडपात त्या जागी समोरच्या माणसाचा गाळा असणार. तुझ्या गाळ्यापुढे गल्ली असेल सुमारे तीन मीटरची, आणि लोक त्या गल्लीतून गाळ्यांना समांतर चालत येतील. म्हणजे शेतकरी तुझ्याकडे येतो तो बाजूने. समोरून पाहणारा माणूस तोच, जो आधीच थांबलेला आहे. त्याला थांबवायचं काम त्याच्या आधीच्या पाच-सहा सेकंदांत व्हावं लागतं.

आपल्या नगर-मनमाड रस्त्यावर बघ. शिर्डीकडे जाणारी गाडी पुलावरून गावात शिरते तेव्हा दुकानांच्या कपाळावरच्या, रस्त्याला समांतर पाट्या गाडीतल्या माणसाला वाचता येत नाहीत. रस्त्याला आडवी लावलेली छोटी पाटी मात्र लांबून वाचता येते. प्रदर्शनाच्या गल्लीत हेच चालतं, फक्त वेग पायी चालण्याचा.

आता तुझाच गाळा घेऊ. तीन बाय तीन मीटर, एक बाजू उघडी, दोन्हीकडे शेजारी, आणि नकाशाप्रमाणे प्रवेशद्वार डाव्या हाताला. माणूस गल्लीच्या मधून येतो आहे असं धर, म्हणजे तुझ्या पुढच्या रेषेपासून दीड मीटरवर. तो गाळ्याच्या मध्यापासून सहा मीटर अलीकडे असताना वरची पट्टी त्याला इतक्या तिरक्या नजरेने दिसते की ३० सेंटिमीटर रुंदीचं अक्षर जेमतेम सात सेंटिमीटरचं भासतं. उंची तेवढीच राहते, रुंदी आवळली जाते. तीन मीटरवर आला तरी ते साडेतेरा सेंटिमीटरच वाटतं. देवनागरीत उभे दंड जास्त, त्यामुळे अशा कोनातून अक्षरं एकमेकांत घुसतात आणि जोडाक्षरांचा तर गोळा होतो. तुझ्या पट्टीवर देवीचं नाव, मग ‘ॲग्रो’, मग ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, मग गाव, असे चार भाग आहेत. जवळ आल्याशिवाय त्यातलं काही वाचता येणार नाही.

मागची भिंत? सहा मीटरवरून ती दिसतच नाही. शेजाऱ्याच्या आणि तुझ्या मधली भिंत तिच्या आड येते. माणूस गाळ्याच्या मध्यापासून तीन मीटरवर, म्हणजे तुझ्या डाव्या कडेपासून दीड मीटरवर येतो, तेव्हा कुठे मागची भिंत उघडायला लागते. तोवर त्याची नजर पुढच्या गाळ्याकडे गेलेली असते. सगळ्यांत जास्त पैसे तू त्या भिंतीवरच्या फोटोला घातलेस, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

मग सहा मीटरवरून दिसतं काय? उजवी भिंत, आणि तीही पुढचा मीटरभर भाग. दोरी ताणून पाहिलंस तर पटेल: डोळ्यापासून डाव्या भिंतीच्या पुढच्या कडेला लावून दोरी सरळ नेली, की ती उजव्या भिंतीला बरोबर एक मीटर आत लागते. गल्लीच्या पलीकडच्या बाजूने चालणाऱ्याला दीडेक मीटर दिसतो, तुझ्या बाजूने चालणाऱ्याला अर्धाच. मंडपवाले वापरतात त्या ऑक्टानॉर्मच्या भिंतीचा एक पॅनेल मीटरभर रुंदीचाच असतो. म्हणजे उजव्या भिंतीचा पहिला पॅनेल हीच तुझी खरी पाटी. ती येणाऱ्याच्या तोंडासमोर आडवी उभी आहे, तिच्यावरचं अक्षर आवळलं जात नाही. तुझ्या चित्रात तिथे काय आहे? कोरी भिंत आणि एक कॅलेंडर. परत निघालेले लोक उजवीकडून येतील, त्यांच्यासाठी डाव्या भिंतीचा पहिला पॅनेल तसाच, तोच मजकूर लिहून. दोनदा लिहिलं तर बरं दिसणार नाही असं वाटेल, पण बाजूने येणाऱ्या माणसाला दोन्ही एका वेळी दिसत नाहीत.

आता तो डाव्या कोपऱ्यातला स्टँडी. तो ऐंशीएक सेंटिमीटर रुंद असतो आणि तू तो पुढच्या रेषेवर, दाराच्या बाजूला ठेवला आहेस. येणाऱ्याला तो स्वतः तिरका दिसतो, म्हणजे वाचता येत नाही, आणि उजव्या पॅनेलचा दिसणारा मीटर झाकून साठेक सेंटिमीटरवर आणतो. तो काढून टाक. ठेवायचाच असेल तर मागच्या भिंतीला लावून ठेव.

उंचीचं गणित लोक फार मोघम करतात. ‘वर लावा, लांबून दिसतं’ हे अर्धंच खरं. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरच्या थोडा वर असतो. गल्लीत आणि तुझ्या दारात माणसं उभी राहिली की १.८ मीटरच्या खालचं सगळं डोक्यांआड जातं, आणि ज्या दिवशी गर्दी असते त्याच दिवशी ते जातं. म्हणून मुख्य शब्द १.८ मीटरच्या वर हवा. पण भिंत अडीच मीटरची आहे म्हणून तो थेट वरपर्यंत नेऊ नकोस. समोरची नावाची पट्टी साधारण ३० सेंटिमीटरची, म्हणजे २.२ ते २.५ मीटरच्या दरम्यान असते. बाजूने येणाऱ्याच्या नजरेत ती बाजूच्या भिंतीचा वरचा भाग झाकते, आणि पुढच्या कडेजवळ तर नक्कीच. म्हणजे तुझ्या हातात १.८ ते २.२ अशी चाळीस सेंटिमीटरची पट्टी उरते. तेवढी पुरते.

या पट्टीत एकच शब्द: कडबाकुट्टी. पॅनेलची दिसणारी रुंदी चौकटीमुळे मीटरपेक्षा थोडी कमी, साधारण ९५ सेंटिमीटर असते, तेव्हा पाच अक्षरं बसवली की प्रत्येकाला सतराएक सेंटिमीटर मिळतात. शिरोरेघेपासून खालपर्यंतची उंचीही तेवढीच धर. पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर चांगलं वाचता येतं. त्या हिशेबाने हे अक्षर वीस मीटरवरून चालेल. फक्त मोजताना वेलांटी आणि उकार धरू नकोस. ‘ट्टी’ची वेलांटी वर जाते, ‘कु’चा उकार खाली येतो, त्यासाठी वर-खाली मिळून निम्मी तरी जागा सोडावी लागते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने फ्लेक्स आखणारा इथेच चुकतो आणि मग वेलांटीची टोकं चौकटीखाली जातात. रंग पिवळा, अक्षर काळं, मागे शेताचा फोटो नको. फार लांबून पॅनेलची पुढची तीसेक सेंटिमीटरच दिसतात, तेव्हा शब्द वाचता येत नाही, पण सपाट पिवळा रंग नजर धरून ठेवतो.

खालच्या ओळीत तुझं ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ नको. ते वाक्य पाण्याच्या पंपाच्या गाळ्यावरही चालेल, खताच्याही. शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न बघ. गोठा घराशेजारी आहे, थ्री फेज लाइट शेतात आणि तीही ठरावीक तास. त्याला जाणून घ्यायचंय की हे यंत्र घरच्या मीटरवर चालेल का. तुझी लहान मोटरची मशीन सिंगल फेजवर चालते, मग तेच लिही: ‘घरच्या लाइटवर चालते’. ही ओळ दीड ते पावणेदोन मीटरच्या दरम्यान, लहान अक्षरांत. गर्दीत ती झाकली गेली तरी चालेल, कारण ती वाचायची वेळ येते तेव्हा माणूस पॅनेलजवळ आलेला असतो. कंपनीचं नाव वरच्या पट्टीवर आहे, ते तिथेच राहू दे, पण गाव आणि ‘वर्क्स’ काढ. बऱ्याच ठिकाणी पट्टीवरचा मजकूर आयोजकच एका ठरलेल्या अक्षरात लावतात आणि तो फॉर्ममधून जसाच्या तसा उचलतात, तेव्हा फॉर्म भरतानाच नाव छोटं आणि मराठीत दे. पट्टीच्या वर काही चढवायचं असेल तर परवानगी विचार, न विचारता उभारलेलं काढायला लावतात.

यंत्र कुठे ठेवायचं? चित्रात ते मध्यभागी, टेबलाच्या मागे आहे. टेबल आडवं ठेवलं की दारच बंद. ते डाव्या भिंतीला लाव. यंत्र उजव्या पॅनेलसमोर, पुढच्या रेषेपासून मीटरभर आत, आणि चारा टाकायचं तोंड डावीकडे, दाराच्या बाजूला तिरकं वळवून. मग ‘कडबाकुट्टी’ हा शब्द आणि खुद्द कडबाकुट्टी एकाच नजरेत येतात. मीटरभर आत अशासाठी की बघणारे तुझ्या हद्दीत उभे राहावेत. ते गल्लीत थांबले तर रस्ता तुंबतो आणि शेजारी तक्रार करतो. यंत्राची उंची दीड मीटरच्या आत असेल तर वरची पट्टी मोकळी राहते. मंडपात ते चालवून दाखवायचं असेल तर तेही आधीच विचारून ठेव, आणि पात्याजवळ कुणाचा हात जाणार नाही अशी आडकाठी लाव.

हे सगळं गाळा एका रांगेत मधोमध असेल तेव्हाचं. नकाशावर तुझ्यासमोरच एखादी गल्ली येऊन संपत असेल, तर हिशेब उलटा होतो: लोक सरळ तुझ्या तोंडावर चालत येतात, मागची भिंतच मुख्य पाटी ठरते आणि तिथे तुझा मोठा फोटो शोभेल. कोपऱ्याचा गाळा मिळाला तर एक भिंत जाते, म्हणून उरलेल्या भिंतीचं तोंड कोणत्या दिशेच्या गर्दीकडे आहे ते आधी पाहा. दार, बाहेर जायची वाट आणि जेवणाची जागा नकाशावर शोधलीस की गर्दी कुठून येणार याचा बराच अंदाज येतो.

फ्लेक्सच्या आधी वर्कशॉपच्या अंगणात फक्कीने तीन बाय तीनचा चौकोन आख, त्याच्यापुढे तीन मीटरची गल्ली. बाजूच्या भिंतींच्या जागी बांबू रोवून जुनं कापड ताण, वरची पट्टीही बांध, ती विसरू नकोस. कागदावर शब्द खऱ्या मापात लिहून अडकव. मग मोबाइल डोळ्याच्या उंचीवर धरून गल्लीतून चाल आणि मध्यापासून सहा, साडेचार आणि तीन मीटरवर थांबून फोटो काढ, दोन्ही दिशांनी. शेवटी वर्कशॉपशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, समज दूध घालायला आलेल्या एखाद्याला, त्या गल्लीतून न थांबता जायला सांग आणि पलीकडे गेल्यावर विचार, इथे काय विकायला आहे. त्याने ‘कुट्टी मशीन’ म्हटलं तर छापायला टाक. ‘देवीचं काहीतरी नाव होतं’ म्हणाला तर मला फोन कर, पुन्हा बसू.

जागेवर जाताना टेप, कैची आणि दोन्हीकडून चिकटणारी पट्टी बरोबर ठेव, पॅनेलला खिळा मारू देत नाहीत. पॅनेलचं माप तिथे घेतल्याशिवाय फ्लेक्सची कड कापू नकोस. आणि संध्याकाळी एकदा गल्लीत उभा राहून दिवे बघ: गाळ्याचे दिवे बहुधा पुढच्या पट्टीच्या मागे लावलेले असतात, त्यांचा उजेड आत पडतो. त्यातला एक उजव्या पॅनेलवर वळवून घे.