खांदा हाडापासून सुटेपर्यंत

कोकराचा खांदा म्हणजे दिवसभर चालणाऱ्या पायाचा भाग. त्यात कोलॅजेन भरपूर, म्हणून घाईत शिजवला की चिवट लागतो. हाडासकट २ किलोचा खांदा १४० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये झाकून ठेवला, तर त्याला साधारण ५ तास लागतात.

"पाच तास? मावशी, सुकून लाकूड होईल त्याचं!"

"पाणी तर जाणारच. मांस ६०-६५ अंशांवर गेलं की तंतू आकसतात आणि रस पिळून निघतो. पण ७० च्या पुढे कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटीन होतं. पायाचं सूप गार झालं की थिजतं ना, तेच ते. तेच तंतूंना ओलसर ठेवतं. त्याला वेळ द्यायला नको? हल्ली शिट्ट्या मोजल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. कुकरात मऊ होतं, नाही कशाला म्हणू? पण वरचा खमंगपणा तिथे येत नाही. आणि खाटकाला अख्खा खांदा मागितला, तर तो विचारायच्या आधी सुरा चालवतो!"

"बरं, मीठ?"

"२५ ग्रॅम, आदल्या रात्री चोळून. खाली कांद्याच्या जाड चकत्या, वाटीभर पाणी, वरून फॉइल घट्ट."

"ते झालं. पण तीन तासांनी टोचून पाहिलं आणि कडक लागलं, तर? म्हणजे सुकलंच ना?"

"अरे, पुन्हा तेच! लोक इथेच फसतात. जास्त शिजलं समजून बाहेर काढतात, आणि खरं तर ते अजून शिजायचंच असतं. परत झाक आणि तासभर थांब. उघडं ठेवलंस तर ७० अंशांच्या आसपास तापमान अडून बसतं, कारण वरचं पाणी वाफ होताना मांसाला गार करत राहतं. फॉइल त्यासाठीच."

"मग झालं हे ओळखायचं कसं?"

"थर्मामीटर जाड भागात खुपस, पण हाडाला टेकू देऊ नकोस. ९० ते ९५ अंश दिसायला हवेत. त्याहून भरवशाची खूण म्हणजे खांद्यातलं चपटं हाड. धरून हलकेच फिरवलं की ते गोल फिरतं आणि ओढलं की मांस न चिकटता अलगद निघून येतं. हाडाबरोबर मांसाच्या दोऱ्या ताणल्या गेल्या, तर अजून अर्धा तास. हाड सुटलं की फॉइल काढून २२० वर २० मिनिटं, वर रंग येईपर्यंत. मग बाहेर काढून अर्धा तास तसंच राहू दे. लगेच उपसलंस तर रस ताटात वाहून जाईल."

"आणि आपल्याकडच्या बोकडाचा खांदा?"

"तो लहान आणि कमी चरबीचा. फॉइल तशीच घट्ट, पाणी थोडं जास्त, आणि चौथ्या तासापासून हाड फिरवून बघायला लाग."