नियुक्तिप्रस्ताव पत्रातील शब्दयोजना

समजा, नवापूरच्या एका कापड उद्योगाने नवपदवीधराला ‘वार्षिक वेतन 3,00,000 रुपये’ असे कळवले. दरमहा 25,000 रुपये हाती येतील, असे तो समजेल. प्रत्यक्षात त्यांत मूळ वेतन 15,000, भत्ते 8,200 आणि मालकाचे भविष्यनिर्वाह निधीचे अंशदान 1,800 रुपये धरलेले असते. उमेदवाराच्या अंशदानाचेही 1,800 कापल्यावर 21,400 उरतात. व्यवसाय कर लागू असल्यास त्याहून कमी. म्हणून ‘वेतन’ऐवजी ‘आस्थापनेचा एकूण वार्षिक खर्च’ असे लिहून घटक स्वतंत्र दाखवावेत.

‘परिवीक्षेनंतर लेखी आदेशाने कायम केले जाईल’ या वाक्यानुसार केवळ सहा महिने भरल्याने कोणी कायम होत नाही. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे ‘पडताळणीसाठी दाखवावीत’ असे लिहावे. ‘जमा करावीत’ असे नव्हे.