रात्रपाळीचं मॉक ड्रिल

वॉर्डची इन-चार्ज झालीस, आता आगीच्या मॉक ड्रिलची फाईल तुझ्याकडे येईल. त्यात वेळ लिहिलेली असते दुपारी तीनची. ती आधी खोड. तीनला वॉर्डात डॉक्टर असतात, विद्यार्थिनी असतात, दोन मामा, दोन मावश्या असतात; तेवढ्या हातांनी कुठलाही वॉर्ड रिकामा होतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली ती ९ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्र उलटल्यावर. १० बाळं गेली. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला पहाटे तळघरात आग लागली आणि वरच्या मजल्यांवरचे पेशंट धुरानं गुदमरले, ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या. म्हणून ड्रिलचा आराखडा रात्री दोनचा आणि धुराचा कर. सराव दिवसा घेतलास तरी रात्री ड्यूटीवर असतात तेवढीच माणसं त्यात घे, बाकीच्यांना बघायला उभं कर.

धर, तुझा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि २८ पेशंट आहेत. १२ चालते, ७ जणांना खुर्ची किंवा आधार लागतो, ९ खाटेवरचे. रात्री दोन सिस्टर, एक मामा, एक मावशी आणि मजल्याचा सिक्युरिटी गार्ड. या पाच जणांनी काय करायचं, एवढाच आराखडा.

जिन्याचा विचार सगळ्यात शेवटी. नऊ अंथरुणाला खिळलेली माणसं पाच जणांनी दोन मजले उतरवता येत नाहीत. आधी त्याच मजल्यावर, आडवं सरकायचं: आग-दरवाजा ओलांडून शेजारच्या वॉर्डात. दरवाजा नीट बंद झाला की पलीकडे श्वास घ्यायला आणि अग्निशमन दलाची वाट बघायला वेळ मिळतो. तिथंही धूर आला तरच खाली. लिफ्टला हात लावायचा नाही. पण ही योजना त्या एका दरवाजावर उभी आहे, म्हणून आज संध्याकाळीच तो जाऊन बघ. उघडा राहावा म्हणून खाली लाकडाचा तुकडा सारलेला असतो, तो काढ. दार सोडून बघ, आपोआप चौकटीत बसतं का. पेशंट पळून जातात म्हणून मागच्या दाराला साखळी-कुलूप असतं; किल्ली ऑफिसात असेल तर ते दार नाहीच असं समज आणि किल्ली नर्सिंग स्टेशनवर खिळ्याला लावून घे. वॉर्डातली एक खाट दारातून प्रत्यक्ष नेऊन बघ. कठडे लावल्यावर ती चौकटीत अडकते, हे कागदावरच्या मापात दिसत नाही. आणि दोन्ही वॉर्डांचा एसीचा डक्ट एकच असेल तर धूर दाराला वळसा घालून येईल. इलेक्ट्रिकल विभागाला विचार, तो कुठून बंद करायचा.

कामं नावानं वाटू नकोस, पदानं वाट. नावं रजेवर जातात. ज्याला आग पहिल्यांदा दिसेल त्यानं जवळचा पेशंट ओढून बाजूला घ्यायचा, ‘कोड रेड’ म्हणून ओरडून अलार्मचं बटण दाबायचं आणि त्या खोलीचं दार बंद करायचं. आग कचऱ्याच्या बादलीएवढी असेल आणि आपली पाठ बाहेरच्या दाराकडे असेल, तरच सिलिंडर उचलायचा. एक सिलिंडर रिकामा झाला आणि आग विझली नाही, तर सोडून निघायचं.

सीनियर सिस्टर रिपोर्ट बुक घेऊन आग-दरवाज्यात उभी राहते. टेलिफोन ऑपरेटरला ती इमारत, मजला, वॉर्ड आणि काय जळतंय ते सांगते, १०१ लावायला सांगते आणि पलीकडे गेलेल्या प्रत्येक नावावर टिक करते. तिनं पेशंट उचलायचे नाहीत. दारातली जागा सुटली की कोण राहिलं हे कुणालाच कळत नाही, आणि नातेवाइकांची गर्दी मोजून तर मुळीच कळत नाही. मावशी चालत्या पेशंटना एकामागे एक घेऊन पुढं जाते आणि संडास-बाथरूम बघते. बघून झालेल्या खोलीचं दार लावून बाहेर उशी ठेवायची, म्हणजे दुसरं कुणी तिथं पुन्हा जात नाही. मामा आणि गार्ड ही ओढणारी जोडी. दुसरी सिस्टर ऑक्सिजन आणि नळ्या सांभाळते.

क्रम असा: आगीच्या शेजारचे आधी, ते कसेही असोत. मग चालते, मग खुर्चीवाले, मग खाटेवरचे. नवीन मुलींना हे निर्दय वाटतं. पण चालते दोन मिनिटांत निघतात, वाट मोकळी होते आणि त्यांचेच चार धडधाकट नातेवाईक हाताशी येतात.

खाटेला चाकं असतील आणि दार पुरत असेल तर खाटेसकट न्या. आपल्याकडे लोखंडी, बिनचाकाच्या खाटा जास्त, म्हणून गादीसकट ओढायला शिकव. आधी सिस्टरनं सलाईन बंद करून सुटं करायचं, युरिन बॅग रिकामी करून नळीला चिमटा लावून मांड्यांमध्ये ठेवायची. छातीत नळी असेल तर तिला चिमटा लावायचा नाही, बाटली छातीच्या खालीच ठेवायची. मग दोघांनी गादी कडेला ओढून पायाकडची बाजू आधी जमिनीवर टेकवायची, डोक्याकडची हाताच्या आधारानं सावकाश. चादरीची टोकं पेशंटवर गुंडाळायची, डोक्याकडचे कोपरे मनगटाला पीळ देऊन धरायचे आणि गुडघे वाकवून मागं सरकत ओढायचं. रेक्झिनची गादी फरशीवर सहज सरकते. जिना उतरायची वेळ आलीच तर गादी फिरवून पाय पुढं करायचे. ताकदीचा माणूस डोक्याकडून रोखून धरतो, दुसरा पायाकडून दिशा देतो.

ऑक्सिजन लावलेल्याला आधी लहान सिलिंडरवर घ्यायचं, मग भिंतीवरचा फ्लोमीटर बंद. मास्क चालू ठेवून गादीवर टाकला तर आगीला आयता ऑक्सिजन मिळतो. वॉर्डचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह सीनियर सिस्टर सांगेल तेव्हाच बंद करायचा, आणि तो शेजारच्या वॉर्डालाही पुरवतो का हे आधी माहीत हवं. ड्रिलमध्ये त्या व्हॉल्व्हला फक्त बोट लावून दाखवायचं. ओढायला खरे पेशंट घ्यायचे नाहीत. विद्यार्थिनींना झोपव, निदान एक तरी वजनदार माणूस शोध. ‘सराव आहे, घाबरू नका’ हे वॉर्डात आधी सांग.

आता घड्याळ लाव. एक पेशंट गादीवर उतरवून, पलीकडे नेऊन परत यायला जोडीला दीड मिनिट लागलं असं समज. एकाच जोडीला नऊ जणांसाठी साडेतेरा मिनिटं लागतात. धूर तेवढा थांबत नाही. दुसरी जोडी मिळाली तर पाच फेऱ्या, साडेसात मिनिटं. तीन जोड्या झाल्या तर तीन फेऱ्या, साडेचार. या जोड्या तुला रात्री शेजारच्या वॉर्डातून आणि नातेवाइकांतून उभ्या करायच्या आहेत. म्हणून त्या वॉर्डच्या सिस्टरशी आधी ठरव की ‘कोड रेड’ ऐकताच तिचा मामा आणि ब्रदर तुझ्याकडे धावतील. रोज संध्याकाळच्या राउंडला खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकाला ते दार बोटानं दाखव. आणि नऊही जणांच्या खाटा आग-दरवाज्याच्या बाजूला घे. लांबच्या टोकाला चालते पेशंट ठेवले की प्रत्येक फेरी आखूड होते, ही बदली फुकटची आहे.

सराव झाल्यावर तिथंच उभ्यानं रजिस्टर लिहून घे: ओरडल्यापासून शेवटच्या टिकपर्यंत किती मिनिटं, कुठली खाट अडकली, कोणाला किल्ली सापडली नाही. ‘ड्रिल यशस्वी’ असं लिहू नकोस. प्रत्येक त्रुटीपुढं कोण आणि किती तारखेपर्यंत दुरुस्त करणार हे लिही, आणि पुढचा सराव दुसऱ्या रात्रपाळीच्या बॅचवर घे.