टी-शर्ट आणि मग यांच्या छपाईसाठी चित्राची मागणी कशी लिहावी

स्नेहसंमेलन, माजी विद्यार्थी मेळावा किंवा शाळेचा वर्धापन दिन जवळ आला की टी-शर्ट आणि मग छापून घेण्याचा विषय निघतो. पूर्वी हे चित्र चित्रकलेचे शिक्षक काढून देत. आता अनेक जण संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला शब्दांत मागणी लिहून चित्र मिळवतात. या मागणीलाच प्रॉम्प्ट म्हणतात. मिळालेले चित्र पडद्यावर मनोहर दिसते, परंतु छपाईवाला ते पाहून मान हलवतो. दोष बहुधा मागणीत असतो, कारण ती छपाईचा विचार न करता लिहिलेली असते. म्हणून प्रथम छपाई कशी होते ते पाहू आणि मग मागणीकडे वळू.

सुती टी-शर्टवरील स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी जाळीची स्वतंत्र चौकट तयार करावी लागते. चित्राचा जो भाग छापायचा तेवढीच जाळी मोकळी राहते व बाकीची बंद होते. त्या मोकळ्या भागातून शाई कापडावर दाबली जाते. शाई पडते किंवा पडत नाही, मधली अवस्था नाही. निळ्यातून हळूहळू पांढऱ्यात विरघळणारी छटा दाखवायची तर ती बारीक ठिपक्यांत फोडावी लागते, आणि साध्या कामात असे ठिपके भरून येतात किंवा गळून जातात. दोन रंगांचे चित्र म्हणजे दोन चौकटी, पाच रंगांचे म्हणजे पाच. गडद कापडावर फिके रंग उठून दिसावेत म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, ती आणखी एक चौकट. चौकट एकदा तयार झाली की तिच्यातील चूक प्रत्येक टी-शर्टवर उमटते. सपाट रंग, मोजके रंग आणि स्वच्छ कडा या तीन अटी यातूनच येतात.

आता एक उदाहरण घेऊ. पांढऱ्या टी-शर्टवर पिंपळपान आणि त्याखाली उघडे पुस्तक हवे आहे. बहुतेक जण पहिली मागणी अशी लिहितात: ‘शाळेच्या मेळाव्याच्या टी-शर्टसाठी पिंपळपान आणि पुस्तकाचे सुंदर चित्र’. उत्तरादाखल पुष्कळदा टी-शर्ट घातलेल्या माणसाचेच छायाचित्र येते, कारण मागणीत टी-शर्ट हा शब्द आहे. पान हिरव्या रंगाच्या असंख्य छटांनी रंगवलेले असते, त्यावर दवबिंदू चमकतात आणि पुस्तकाखाली सावली पडते. ‘सुंदर’ या शब्दाला साधनाने आपल्या परीने दिलेला तो अर्थ आहे. म्हणून वस्तूचे नाव व कौतुकाची विशेषणे वगळावीत आणि कागदावर काय असावे तेवढेच लिहावे:

```
पिंपळाचे एक पान, त्याखाली उघडे पुस्तक.
कागद कापून चिकटवल्यासारख्या सपाट आकृत्या.
फक्त दोन रंग: गडद निळा व गेरू.
प्रत्येक आकृती एकाच रंगाने पूर्ण भरलेली.
पानाच्या शिरा म्हणजे जाड पांढऱ्या मोकळ्या पट्ट्या,
प्रत्येक बाजूस चारच. पानाचे टोक आखूड व जाड.
पार्श्वभूमी कोरी, शुद्ध पांढरी.
आकृती मध्यभागी, चारही बाजूंस मोकळी जागा. अक्षरे नाहीत.
```

या मागणीतील प्रत्येक ओळीला कारण आहे. ‘छटा नको, सावली नको’ असे लिहिल्यास काही साधने नेमका तोच शब्द पकडून सावली काढतात. त्याऐवजी ‘कागद कापून चिकटवल्यासारख्या’ असे म्हटले की जे हवे तेच पुढे येते. शिरा वेगळ्या रंगाने न काढता मोकळ्या सोडल्या, तर कापडाचा पांढरा रंगच तिसऱ्या रंगाचे काम करतो आणि एक चौकट वाचते. पिंपळपानाचे शेपटीसारखे लांब टोक हे त्याचे वैशिष्ट्य असले, तरी छपाईत तेच आधी तुटते. म्हणून ते ओळखता येईल इतके ठेवून आखूड केले. अक्षरे मागितली नाहीत, कारण ही साधने देवनागरी जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा मोडतात. शाळेचे नाव व वर्ष नंतर फॉन्ट वापरून स्वतः लिहावे.

जाडीचा हिशेब सोपा आहे. साधनाने दिलेले चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे आणि ते छातीवर २५ सेंटिमीटर रुंद छापायचे आहे, असे धरा. मग एक पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरचा होतो. कापडावर एक मिलिमीटरची रेषा निर्धोक मानली, तर चित्रात ती किमान चार पिक्सेल हवी. तेच चित्र मगावर आठ सेंटिमीटरचे केले की एक मिलिमीटरची रेषा तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून दोन्हींसाठी एकच चित्र हवे असेल, तर जाडी मगाकडे पाहून ठरवावी. शिरा चारच आणि जाड ठेवण्याचे कारण हेच.

इतकी काळजी घेऊनही मिळालेले चित्र लगेच छापण्याजोगे नसते. ते आठपट मोठे करून कडा पाहाव्यात. निळा आणि पांढरा यांच्या सीमेवर फिक्या निळ्या ठिपक्यांची रांग दिसेल. पडद्यावर कड गुळगुळीत भासावी म्हणून ती असते, पण त्यामुळे दोन रंगांच्या चित्रात प्रत्यक्षात शेकडो रंग असतात. शिवाय १०२४ पिक्सेल २५ सेंटिमीटरवर पसरले की कडांना पायऱ्या दिसतात. यावर उपाय म्हणजे ठिपक्यांचे चित्र रेषाकृतीत बदलणे. इंकस्केप या मोफत कार्यक्रमात चित्र निवडून `Path > Trace Bitmap` उघडावे, अनेक रंगांचा पर्याय घ्यावा आणि रंगांची संख्या तीन ठेवावी: निळा, गेरू आणि पांढरी पार्श्वभूमी. पांढरा थर नंतर काढून टाकावा. मग नाव लिहून `Path > Object to Path` द्यावे, म्हणजे छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत.

मगाची पद्धत वेगळी आहे. तेथे विशेष शाईने कागदावर उलटे चित्र छापून ते लेप दिलेल्या पांढऱ्या मगाभोवती गुंडाळतात आणि उष्णतेने दाबतात. या पद्धतीत छटाही छापता येतात, म्हणून रंगांची संख्या अडचणीची नाही. अडचण पांढऱ्याची आहे. ही शाई पांढरा रंग छापत नाही, चित्रातील पांढरे म्हणजे मगाचेच पांढरे. साधनाने दिलेली ‘पांढरी’ पार्श्वभूमी पुष्कळदा किंचित पिवळसर किंवा राखाडी असते. पडद्यावर ते जाणवत नाही, मगावर मात्र चित्राभोवती मळकट चौकोन उमटतो. रंग तपासण्याच्या साधनाने पार्श्वभूमीवर टिचकी मारावी. `#FFFFFF` सोडून दुसरे काही दिसले, तर पार्श्वभूमी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. उष्णतेने शाई थोडी पसरते, त्यामुळे बारीक पांढऱ्या फटी बुजतात. येथेही जाड शिराच उपयोगी पडतात.

छपाईला देण्यापूर्वी चित्र साध्या कागदावर खऱ्या मापात छापून भिंतीला लावावे आणि तीन पावले मागे यावे. पान पिंपळाचे आहे हे तेथून ओळखू आले, शिरा सुट्या दिसल्या आणि नाव वाचता आले, तर चौकट करण्यास हरकत नाही. यांपैकी काही चुकले, तर मागणीतील त्याच भागाची एक ओळ बदलून चित्र पुन्हा मागवावे. सगळी मागणी एकदम बदलली, तर कोणत्या शब्दाने काय घडले ते कळत नाही.